डाऊन जॅकेट खरंच किती उबदार? फिल पॉवर, फिल वेट आणि कप्पे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी संपली की नाशिकमधून हिमालयाकडे निघणाऱ्या तुकड्यांची तयारी सुरू होते आणि माझ्या फोनवर जॅकेटच्या लेबलांचे फोटो यायला लागतात. फोटो वेगळे असतात, पण प्रश्न दरवर्षी तेच. म्हणून ते इथे एकत्र लिहून ठेवले आहेत. घाईत असाल तर प्रश्न 3, 5 आणि 6 वाचा. खरेदीचा बराचसा निर्णय त्यांवरच होतो.

1. डाऊन म्हणजे पिसंच ना? मग नेहमीच्या पिसांत आणि त्यात फरक काय?

बदक आणि हंसाच्या अंगावर, वरच्या पिसांच्या खाली, छाती-पोटाकडे जी मऊ लव असते ती डाऊन. नेहमीच्या पिसाला मधोमध कडक काडी असते, डाऊनला ती नसते. एका बारीक गाभ्यातून शेकडो तंतू चहूबाजूंनी फुटलेले असतात, सावरीच्या म्हातारीसारखे. हे तंतू एकमेकांना दूर ढकलतात आणि मधे हवा अडकून राहते. ऊब धरते ती ही थांबलेली हवा. डाऊन स्वतः उष्णता तयार करत नाही, शरीराची उष्णता बाहेर जायला उशीर लावतं इतकंच. तुमच्या अंगाभोवती थांबलेल्या हवेचा थर किती जाड आहे आणि त्याला कुठे भोकं पडली आहेत, हेच पुढच्या सगळ्या उत्तरांत तपासायचं आहे.

2. लेबलवर 650, 800 असे आकडे असतात. फिल पॉवर म्हणजे नक्की काय मोजलेलं असतं?

पिंजाऱ्याकडे जुनी गादी नेली की काय होतं ते आठवा. कापूस तेवढाच असतो, वजनही तेवढंच, पण पिंजल्यावर तो दुप्पट जागा व्यापतो. फिल पॉवर म्हणजे ठरावीक वजनाचं डाऊन फुलून किती जागा व्यापतं याचं माप. एक औंस, म्हणजे साधारण 28 ग्रॅम डाऊन एका उभ्या नळकांड्यात घालतात, वर ठरावीक वजनाची हलकी तबकडी ठेवतात आणि ते किती घन इंच जागा धरून राहतं ते पाहतात. 800 घन इंच आले तर ते 800 फिल पॉवरचं डाऊन.

लिटरमध्ये सांगायचं तर 800 चं 28 ग्रॅम डाऊन सुमारे 13 लिटर जागा व्यापतं आणि 550 चं तेवढंच डाऊन सुमारे 9 लिटर. घरी येणारा पाण्याचा मोठा जार 20 लिटरचा असतो, त्यावरून अंदाज करा.

हा आकडा मालाचा दर्जा सांगतो. जॅकेटमध्ये तो माल किती भरला आहे, हे त्यावरून अजिबात कळत नाही.

3. म्हणजे 800 वालं जॅकेट 600 वाल्यापेक्षा जास्त उबदार, बरोबर?

नाही. सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात, आणि मीही चुकलो होतो. पहिलं चांगलं जॅकेट घेताना मी 900 हा आकडा पाहिला आणि पुढे काही विचारलंच नाही. हातात घेतलं तर पिसासारखं हलकं, मुठीत मावेल असं. उत्तराखंडमध्ये बर्फातल्या पहिल्याच मुक्कामी संध्याकाळी सात वाजता मी कुडकुडत तंबूत शिरलो. शेजारी आमचा वाटाड्या जुन्या, जाडजूड 600 च्या जॅकेटमध्ये निवांत चहा पीत उभा होता. घरी आल्यावर कंपनीच्या माहितीत शोधलं. माझ्या जॅकेटमध्ये डाऊन होतं फक्त 55 ग्रॅम.

ऊब ठरते एकूण फुलाव्यावर. तो काढायचा तर फिल पॉवर आणि भरलेल्या डाऊनचं वजन, म्हणजे फिल वेट, यांचा गुणाकार करायचा. माझं जॅकेट 900 गुणिले 55, म्हणजे 49,500. समजा वाटाड्याच्या जॅकेटमध्ये 150 ग्रॅम होतं, तर 600 गुणिले 150, म्हणजे 90,000. जवळजवळ दुप्पट.

दोन जॅकेटांत डाऊनचं वजन सारखं असेल तरच जास्त फिल पॉवरचं जॅकेट जास्त उबदार. जास्त फिल पॉवरचा खरा फायदा असा की तेवढीच ऊब कमी वजनात मिळते आणि पिशवीत जागा कमी लागते. पाठीवर ओझं वाहायचं असेल तर या फायद्यासाठी पैसे मोजणं योग्य आहे. गाडीतून मनालीला जाऊन बर्फ पाहून यायचं असेल तर त्याची गरज नाही.

4. हे फिल वेट लिहिलेलं कुठे असतं? माझ्या जॅकेटवर तर नाही.

आतल्या लेबलवर ते क्वचितच असतं. चांगल्या गिर्यारोहण कंपन्या वेबसाइटवर तपशिलाच्या तक्त्यात देतात: ‘फिल वेट’, ‘डाऊन वेट’ किंवा नुसतं ‘फिल’ आणि पुढे ग्रॅम. जॅकेटचं एकूण वजन वेगळं असतं, त्यात कापड, चेन, खिसे सगळं येतं. 380 ग्रॅमच्या जॅकेटमध्ये डाऊन 100 ग्रॅमच असू शकतं, म्हणून हे दोन आकडे एकमेकांच्या जागी वापरू नका.

तक्त्यात नसेल तर कंपनीला लिहून विचारा. विचारूनही आकडा मिळत नसेल, तर मी ते जॅकेट थंडीतल्या मुक्कामासाठी घेत नाही. आधीच घेतलेलं असेल तर प्रश्न 15 मधली पट्टीची पद्धत वापरा.

5. दोन जॅकेटांपैकी एक निवडायचं आहे. हिशेब करून दाखवाल का?

गेल्या हिवाळ्यात गंगापूर रोडच्या एका ताईंनी विचारलेलंच उदाहरण घेतो. त्यांना जानेवारीत केदारकंठाला जायचं होतं. शिखर 3,810 मीटर, मुक्काम बर्फात, रात्री पारा शून्याच्या बराच खाली. समोर दोन जॅकेटं होती.

पहिलं: फिल पॉवर 800, डाऊन 85 ग्रॅम, टोपीसह, कप्पे 4 सेंटीमीटर रुंद. दुसरं: फिल पॉवर 650, डाऊन 140 ग्रॅम, टोपी नाही, कप्पे 7 सेंटीमीटर रुंद. दोन्हींची शिलाई आरपार. ताईंचा कल पहिल्याकडे होता, कारण दुकानात ‘हे वरच्या दर्जाचं’ असं सांगितलं होतं. दर्जाबद्दल ते खरंही होतं.

आता गुणाकार. पहिलं 800 गुणिले 85, म्हणजे 68,000. दुसरं 650 गुणिले 140, म्हणजे 91,000. दुसऱ्यात फुलावा एक-तृतीयांशाने जास्त.

इथेच थांबू नका, टोपीचाही हिशेब धरा. 85 ग्रॅममधलं थोडं डाऊन टोपीत गेलेलं आहे. ते 10 ग्रॅम धरलं तर अंगावर 75 उरतात, म्हणजे 60,000. दुसऱ्याचं सगळं डाऊन छाती, पाठ आणि बाह्यांत आहे. अंगापुरता फरक दीडपट झाला. टोपी उपयोगाची असतेच, पण ताईंकडे कान झाकणारी चांगली लोकरीची टोपी होती.

तिसरी गोष्ट कप्प्यांची. 4 सेंटीमीटरचा कप्पा फुगून फुगून किती फुगेल यालाच मर्यादा आहे, ती प्रश्न 7 मध्ये सांगितली आहे. तिथेही दुसरं जॅकेट सरस ठरलं.

ताईंनी दुसरं घेतलं. बदल्यात जॅकेट वजनाला जड आणि पिशवीत मोठा गठ्ठा. त्यांची बॅग खेचरावर जाणार होती, म्हणून ते चालण्यासारखं होतं. बॅग स्वतः वाहायची असती तर मी 800 फिल पॉवरचंच, पण 115 ग्रॅमच्या आसपास डाऊन असलेलं तिसरं जॅकेट शोधायला सांगितलं असतं. गुणाकार करून पाहा, 92,000 येतात. ऊब तेवढीच आणि डाऊनचं वजन 25 ग्रॅम कमी.

6. बॅफल म्हणजे काय? जॅकेटवर त्या आडव्या रेघा कशासाठी असतात?

डाऊन मोकळं सोडलं तर ते खाली घसरून कमरेशी गोळा होईल आणि खांदे रिकामे पडतील. ते जागेवर राहावं म्हणून जॅकेटचे कप्पे पाडतात. या कप्प्यांना, आणि काही ठिकाणी कप्प्यांमधल्या भिंतींना, बॅफल म्हणतात.

सगळ्यात सोपी पद्धत गोधडीची. वरचं आणि खालचं कापड एकत्र धरून आरपार टाके घालायचे. बाजारातली बहुतेक हलकी डाऊन जॅकेटं अशीच शिवलेली असतात. स्वस्त, हलकी आणि टिकाऊ पद्धत आहे. पण प्रत्येक टाक्याच्या रेषेवर डाऊनची जाडी शून्य होते. तिथे तुमच्या आणि बाहेरच्या थंडीच्या मधे फक्त दोन पातळ कापडं असतात, वर सुईच्या भोकांतून वारा शिरतो. पातळ टी-शर्टवर असं जॅकेट घालून पहाटेच्या वाऱ्यात उभे राहा. पाठीवर गार रेघा मोजता येतात.

दुसरी पद्धत भिंतीच्या कप्प्यांची, तिला बॉक्स बॅफल म्हणतात. इथे वरचं आणि आतलं कापड एकमेकांना शिवत नाहीत. दोन्हींच्या मधे जाळीच्या पट्टीची उभी भिंत असते. भिंत 3 सेंटीमीटर उंच असेल तर शिवणीच्या जागीसुद्धा जाडी त्याच्या आसपास राहते. गार रेघ उरत नाही. पण ही शिलाई वेळखाऊ, म्हणून महाग, आणि जाळीमुळे थोडं वजनही वाढतं. जाड मोहिमांची जॅकेटं आणि चांगल्या स्लीपिंग बॅग अशा शिवतात.

शिवणीऐवजी कापड चिकटवून किंवा विणतानाच जोडून केलेले कप्पेही आता दिसतात. त्यांत सुईची भोकं नसतात, त्यामुळे वारा कमी शिरतो. पण जोडाच्या रेषेवर डाऊन नसतंच, म्हणून त्यांना भिंतीच्या कप्प्यांच्या पंक्तीला बसवू नका.

7. बारीक कप्पे चांगले की रुंद? बारीक कप्प्यांत डाऊन हलत नाही असं सांगतात.

हलत नाही हे खरं. पण आरपार शिलाईत बारीक कप्प्याच्या दोन अडचणी आहेत. पहिली उघड आहे: कप्पे जितके बारीक तितक्या शिवणी जास्त, म्हणजे गार रेघा जास्त.

दुसरी लक्षात येत नाही, पण ती महत्त्वाची. कप्पा सपाट असताना शिवणीपासून शिवणीपर्यंत 4 सेंटीमीटर असेल, तर वरचं 4 आणि खालचं 4 मिळून 8 सेंटीमीटर कापड झालं. त्यात कितीही डाऊन कोंबलं तरी कप्पा फार तर पूर्ण गोल होईल. 8 सेंटीमीटर परीघाच्या गोलाचा व्यास अडीच सेंटीमीटर. त्यापलीकडे तो जाड होऊच शकत नाही, तेही फक्त मधोमध. प्रत्यक्षात कप्पा इतका गोल कधीच होत नाही, लांबट भिंगासारखा राहतो, त्यामुळे जाडी आणखी कमी भरते. 7 सेंटीमीटरच्या कप्प्याला हीच मर्यादा सुमारे साडेचार सेंटीमीटरची आहे.

म्हणून दोन-तीन सेंटीमीटरच्या बारीक रेघांचं जॅकेट कितीही भारी फिल पॉवरचं असलं तरी ते आतून घालायचं पातळ जॅकेट समजा. ते वाईट नसतं, त्याचं काम वेगळं असतं. उलट फार रुंद आणि अर्धवट भरलेल्या कप्प्यात डाऊन एका कोपऱ्यात जाऊन बसतं. 5 ते 8 सेंटीमीटर रुंद आणि हाताला टम्म लागणारे कप्पे मला आरपार शिलाईत सगळ्यात बरे वाटतात.

काही जॅकेटांत छाती-पाठीला रुंद आणि बगलेत, कमरेला बारीक कप्पे असतात. ती योजना विचार करून केलेली असते, कारण बगलेत जाडी आली तर हात हलत नाहीत.

8. दुकानात शिलाई आरपार आहे की भिंतीची, हे कसं ओळखायचं?

बाहेरच्या शिवणीवर एका हाताची चिमूट धरा आणि दुसऱ्या हाताने आतलं अस्तर त्याच जागी चिमटीत धरून दोन्ही अलगद विरुद्ध दिशांना ओढा. कापडं एकमेकांना घट्ट चिकटलेली असतील तर शिलाई आरपार. मधे एक-दोन बोटं अंतर पडलं आणि आत जाळी हाताला जाणवली तर भिंत आहे.

एक अपवाद लक्षात ठेवा. काही जॅकेटांना आरपार शिलाईच्या थरावर आतून वेगळं साधं अस्तर लावलेलं असतं. तिथे आतलं कापड सुटं लागतं आणि भिंत असल्याचा भास होतो. अशा वेळी जॅकेट दिव्यासमोर धरा. शिवणीच्या रेषा उजेडाच्या पट्ट्यांसारख्या चमकल्या तर तिथे डाऊन नाही.

9. मग बॉक्स बॅफलचंच जॅकेट घ्यावं का?

बहुतेकांना नको. आरपार शिलाईच्या गार रेघांवर वरून एक वारारोधक जॅकेट घातलं की नुकसान बरंच भरून निघतं, कारण शिवणीतून शिरणारा वारा थांबतो. भिंतीच्या कप्प्यांचा खर्च तेव्हाच वसूल होतो, जेव्हा कडाक्याच्या थंडीत तासन्‌तास न हलता बसायचं असतं: पहाटे फोटोसाठी थांबणारे, हिवाळ्यात लडाख-स्पितीत राहणारे, उंच शिखरांच्या मोहिमांवर जाणारे. चालत राहणाऱ्याला तेवढ्या जाडीत घामच येतो.

10. कप्प्यात जास्त डाऊन ठासून भरलं तर जास्त ऊब मिळेल ना?

थोडं जास्त भरलेलं चांगलं. कप्पा टम्म राहतो, डाऊन सरकत नाही आणि दमट हवेने किंवा वापराने फुलावा थोडा कमी झाला तरी कप्पा रिकामा पडत नाही. त्यामुळे चांगले उत्पादक कप्प्याच्या मापापेक्षा जरा जास्तच भरतात.

एका मर्यादेनंतर मात्र जाडी वाढत नाही, प्रश्न 7 मधलं कापडाचं गणित आड येतं. मग वाढतं ते मुख्यतः वजन. भारी फिल पॉवरचं डाऊन दाबून भरण्यात तर पैसेच वाया, कारण ते ज्या फुलाव्यासाठी घेतलं तो फुलायला जागाच नाही. प्रश्न 3 मधला गुणाकार म्हणूनच कप्प्यांचा प्रकार साधारण सारखा असेल तेव्हा सगळ्यात खरा ठरतो.

11. लेबलवर 90/10 लिहिलंय. ते काय?

90 टक्के डाऊन आणि 10 टक्के काडीची बारीक पिसं. पिसं वेगळी करताना थोडी उरतातच. 80/20 मध्ये पिसांचं प्रमाण जास्त, त्यामुळे तेवढ्याच वजनात फुलावा कमी. फिल पॉवरचा आकडा दिलेला असेल तर याचा वेगळा हिशेब करायची गरज नाही, तो परिणाम त्या आकड्यात आलेलाच असतो. फक्त 70/30 लिहिलंय आणि फिल पॉवर कुठेच नाही, तर अपेक्षा बेताची ठेवा.

12. एकाच कंपनीच्या दोन माहितीपत्रकांत फिल पॉवरचे आकडे वेगळे दिसले. फसवणूक आहे का?

बहुधा नाही. अमेरिकन आणि युरोपियन चाचणीच्या पद्धती वेगळ्या आहेत आणि तेच डाऊन युरोपियन पद्धतीत साधारणपणे कमी आकडा दाखवतं. तुलना करताना दोन्ही आकडे एकाच पद्धतीचे आहेत ना, एवढं पाहा. आणि 800 विरुद्ध 850 अशा फरकावर झोप घालवू नका. ग्रॅममधला फरक त्याहून कितीतरी मोठा असतो.

13. थंडीत लागणाऱ्या स्वेटरच्या बाजारात ‘100 ग्रॅम फिलिंग’चं जॅकेट मिळालं. म्हणजे डाऊन 100 ग्रॅम ना?

आधी आतलं लेबल वाचा. ‘फिलिंग 100 टक्के पॉलिस्टर’ असेल तर ते डाऊन नाहीच, वरून कितीही फुगीर दिसलं तरी. पॉलिस्टरच्या भरावाचे ग्रॅम बहुतेक वेळा एका चौरस मीटरचे सांगतात, अख्ख्या जॅकेटचे नाही. डाऊनचे ग्रॅम मात्र पूर्ण जॅकेटचे असतात. हे दोन आकडे शेजारी ठेवून तुलना करता येत नाही, आणि पॉलिस्टरला फिल पॉवरचा गुणाकारही लागू नाही.

हाताने ओळखायचं तर कप्पा दोन बोटांत चोळा. पॉलिस्टर एकसंध थरासारखं लागतं. डाऊनमध्ये लहान लहान मऊ पुंजके सरकतात आणि अधूनमधून बारीक काडी टोचते.

नाशिकच्या थंडीला चांगलं पॉलिस्टर जॅकेट पुरतं. ते ओलं झालं तरी थोडी ऊब ठेवतं आणि घरी धुता येतं. डाऊन समजून डाऊनचे पैसे देऊ नका, एवढंच.

14. जॅकेटवर ‘उणे 10 अंशांपर्यंत’ लिहिलंय. त्यावर विसंबू का?

स्लीपिंग बॅगसाठी आयएसओचं मानक आहे, त्यात तापलेल्या पुतळ्यावर मोजणी करून तापमानाचे आकडे काढतात. ट्रेकिंगच्या डाऊन जॅकेटांवर दिसणारे आकडे बहुतेक कंपनीचे स्वतःचे अंदाज असतात: आत किती कपडे धरले, माणूस चालतोय की बसलाय, वारा आहे का, यावर ते ठरतात. एकाच कंपनीची दोन जॅकेटं एकमेकांशी ताडून पाहायला त्यांचा उपयोग होतो. दोन कंपन्यांच्या आकड्यांची तुलना करू नका, गुणाकार करा.

15. फिल वेट माहीत नाही, जॅकेट जुनं आहे. त्याची ऊब घरी मोजता येईल?

जाडी मोजता येते, आणि शेवटी तीच हवी असते. जॅकेट दोन दिवस हँगरवर मोकळं ठेवा. मग चांगलं झटका, चेन उघडून टेबलावर पसरा, म्हणजे पाठीचा भाग एकेरी थरात राहील, आणि तासभर हात लावू नका. पाठीवर एक पोस्टकार्ड आडवं ठेवा, ते दोन-तीन कप्प्यांवर टेकेल. कार्डाच्या कडेपासून टेबलापर्यंत उभी पट्टी धरून उंची मोजा. पाठीवर चार-पाच जागी असं करा आणि सरासरी घ्या. हीच मापं दरवर्षी थंडीच्या आधी वहीत लिहून ठेवली तर जॅकेट कधी बसायला लागलं ते स्पष्ट दिसतं.

जाडी कमी झाली म्हणजे डाऊन संपलं असं नाही. अंगाचं तेल आणि घाम डाऊनला चिकटला की तंतू एकमेकांना धरून बसतात. मान, बगल आणि मनगटाजवळचे कप्पे आधी बसतात. डाऊनसाठीच्या सौम्य साबणाने धुतलं की बरीचशी जाडी परत येते.

16. धुतल्यावर आत गोळे झाले. जॅकेट गेलं का?

नाही, ते अजून ओलं आहे. बाहेरचं कापड हाताला कोरडं लागलं तरी गोळ्याच्या पोटात पाणी असतं. ड्रायर असेल तर कमी उष्णतेवर दोन-तीन टेनिस बॉल टाकून फिरवा, काही तास लागतात. ड्रायर नसेल तर सावलीत आडवं पसरा आणि दर तासा-दोन तासांनी प्रत्येक गोळा बोटांनी अलगद सोडवा. दोन-तीन दिवस लागू शकतात. हे काम पावसाळ्यात काढूच नका, ओलं राहिलं तर वास धरतं. मार्चच्या कोरड्या हवेत, थंडी संपल्यावर धुणं सगळ्यात चांगलं. आणि ठेवताना पिशवीत दाबून ठेवू नका, कपाटात टांगा.

17. मी एक्सएल घालतो. त्यात डाऊन जास्त, म्हणजे ऊबही जास्त?

ऊब जवळजवळ तेवढीच. वेबसाइटवरचे ग्रॅम बहुधा एका मधल्या मापाचे, म्हणजे एमचे असतात. एक्सएलमध्ये डाऊन वाढतं तसं झाकायचं अंगही वाढतं, म्हणून जाडी साधारण सारखी राहते. तुलना करताना मात्र सावध राहा: एकाचे ग्रॅम पुरुषांच्या एमचे आणि दुसऱ्याचे स्त्रियांच्या एसचे असतील तर नुसता गुणाकार फसवतो. लांबीही पाहा. मांडीपर्यंत येणाऱ्या जॅकेटमध्ये तेच ग्रॅम जास्त जागेत पसरलेले असतात.

माप निवडताना आत घालायचे कपडे घालूनच जॅकेट चढवा आणि दोन्ही हातांनी स्वतःला मिठी मारा. पाठीवर कापड ताणलं गेलं तर तिथलं डाऊन दाबलं जातंय, आणि दाबलेली जागा थंड पडते. कापड सैल फुगून कमरेतून वारा शिरत असेल तर तेही चालणार नाही.

18. डाऊनवर रेनकोट किंवा पाठीवर सॅक घेतली तर फरक पडतो?

बराच पडतो. घट्ट रेनकोट डाऊनला सगळीकडून दाबतो आणि 4 सेंटीमीटरचा थर दोनवर येतो. वरचं जॅकेट एक माप मोठं हवं. सॅकच्या पट्ट्यांखाली आणि पाठीवर डाऊन पूर्ण दबतं, त्यामुळे चढताना डाऊन घालण्यात अर्थ नाही. वर घामाने ते ओलंही होतं. चालताना ते सॅकमध्ये सर्वांत वर ठेवा, थांबलात की अंग गार व्हायच्या आधी घाला.

पाणी न धरणारं म्हणून विकलं जाणारं प्रक्रिया केलेलं डाऊन भिजायला जास्त वेळ घेतं आणि लवकर सुकतं. पण पावसात उभे राहिलात तर तेही बसतं. त्याच्या भरवशावर रेनकोट घरी ठेवू नका.

19. नाशिकमध्ये आणि सह्याद्रीत किती ग्रॅमचं जॅकेट लागतं?

शहरात डाऊनची गरज फारशी नाही. निफाडकडे पारा 5 अंशांच्या खाली उतरतो त्या पहाटे द्राक्षबागेत शेकोटीशेजारी उभं राहायला किंवा साल्हेर, कळसूबाईच्या माथ्यावर डिसेंबरची रात्र काढायला 800 फिल पॉवरचं 60 ते 80 ग्रॅम डाऊन पुरतं. वर वाऱ्यासाठी एक पातळ जॅकेट हवंच. पहाटे स्कूटरवर जाणाऱ्याला तर आधी ते वाऱ्याचं जॅकेट घ्यायला सांगेन, डाऊन नंतर. नुसतं आरपार शिलाईचं डाऊन चालत्या गाडीवर शिवणीशिवणीतून गारठतं.

हिमालयातल्या हिवाळी ट्रेकच्या मुक्कामांसाठी मी गुणाकार 90,000 च्या वर धरतो, आत लोकरीचे दोन थर आहेत असं समजून. हिवाळ्यातल्या लडाखसाठी 1,50,000 च्या पुढे आणि शक्यतो भिंतीचे कप्पे. हे माझ्या आणि सोबत्यांच्या अंगावरून बांधलेले अंदाज आहेत, ते एमच्या आसपासच्या, कमरेपर्यंतच्या जॅकेटला लागू पडतात. तुम्हाला घरात पंखा चालू असतानाही थंडी वाजत असेल तर त्यात आणखी 20 टक्के घाला.